दोन टोकांना पैसे की मधोमध? तीस लाखांच्या सरकारी रोख्यांचा प्रश्न

वाचकाचं पत्र

“माझं वय ६१. रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून जवळ राहते. वाटणीत आलेली आमराई विकून ३० लाख रुपये आले आहेत. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना आधीच भरलेली आहे, म्हणून हे पैसे सरकारी रोख्यांत ठेवायचं ठरवलंय. मी सरळ १० वर्षांचा रोखा घेणार होते. पण मुंबईत बँकेच्या ट्रेझरीत असलेला भाचा म्हणतो, ‘मावशी, निम्मे २ वर्षांच्या आणि निम्मे ३० वर्षांच्या रोख्यात टाक. ड्युरेशन तेवढंच राहतं आणि कन्व्हेक्सिटी दुप्पट मिळते. व्याजदर वर गेले काय, खाली आले काय, तूच पुढे. शिवाय यील्डही ७ ऐवजी ७.२ पडतं.’ घराच्या छपरासाठी दीड-दोन वर्षांत ४ लाख लागतील आणि नातीच्या कॉलेजसाठी साधारण १० वर्षांनी १२ लाख. बाकीच्याचं व्याज घरखर्चाला हवं आहे. भाच्याचं ऐकू का?”

उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या भाच्याने पुस्तकातलं गणित बरोबर सांगितलं आहे. पण ते गणित एका अटीवर उभं आहे आणि ती अट बाजारात क्वचितच पाळली जाते. ‘७.२’ या आकड्याचा अर्थही तुम्हाला वाटला असेल त्यापेक्षा वेगळा आहे. त्याचा दावा कुठपर्यंत खरा आहे ते आधी पाहू, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

सगळ्या रोख्यांचं यील्ड, म्हणजे आजच्या भावाला रोखा घेतला तर वर्षाला पडणारा परतावा, ७ टक्के आहे आणि सगळे दर्शनी किमतीलाच मिळताहेत असं घटकाभर धरा. यील्ड १ टक्क्याने हललं तर रोख्याची किंमत साधारण किती टक्के हलेल, ते सांगणारा आकडा म्हणजे ड्युरेशन. सहामाही व्याज देणाऱ्या १० वर्षांच्या रोख्यासाठी तो सुमारे ७.१ येतो. २ वर्षांच्या रोख्यासाठी १.८ आणि ३० वर्षांच्या रोख्यासाठी १२.५. म्हणजे १५ लाख १४ हजार २ वर्षांच्या रोख्यात आणि १४ लाख ८६ हजार ३० वर्षांच्या रोख्यात ठेवले, तर दोन्ही मिळून ड्युरेशन बरोबर ७.१ होतं. असे दोन टोकांना पैसे ठेवणं म्हणजे बारबेल आणि सगळे एकाच मुदतीत ठेवणं म्हणजे बुलेट. भाच्याचं ‘निम्मे-निम्मे’ इथपर्यंत अगदी चोख आहे.

आता सगळ्या मुदतींचं यील्ड एकाच वेळी ७ वरून ८ टक्के झालं समजा. ड्युरेशनच्या सरळ हिशोबाने दोघांचंही ७.१ टक्के नुकसान व्हायला हवं. प्रत्यक्षात १० वर्षांच्या रोख्यातले ३० लाख सुमारे २७ लाख ९६ हजारांवर येतात आणि बारबेल २८ लाख ४ हजारांवर थांबतं. म्हणजे बारबेल ८,३०० रुपयांनी पुढे राहिलं. उलट सगळीकडे यील्ड ६ टक्के झालं तर बुलेट ३२ लाख २३ हजारांवर जातं आणि बारबेल ३२ लाख ३४ हजारांच्या जवळ, म्हणजे १०,६०० रुपयांनी पुढे. दोन्ही वेळा बारबेल सरस ठरतं.

याचं कारण असं की किंमत आणि यील्ड यांचं नातं सरळ रेषेत चालत नाही. यील्ड चढतं तशी किंमत उतरते, पण उतरण्याचा वेग कमी होत जातो. यील्ड उतरतं तशी किंमत चढते आणि चढण्याचा वेग वाढत जातो. या वाकाचं माप म्हणजे कन्व्हेक्सिटी. आपल्या उदाहरणात बुलेटची कन्व्हेक्सिटी सुमारे ६४ आहे आणि बारबेलची सुमारे १२७. भाचा ‘दुप्पट’ म्हणाला ते हेच.

हा जास्तीचा वाक येतो कुठून? पाण्याची कावड डोळ्यांसमोर आणा. दोन घागरी टोकांना बांधल्या काय किंवा सगळा भार मधोमध ठेवला काय, खांद्यावरचा तोल तोच राहतो. तो तोल म्हणजे ड्युरेशन. भार मध्यापासून किती लांब टांगला आहे, ती वेगळी गोष्ट. कन्व्हेक्सिटीतला फरक जवळजवळ सगळा या लांबीतून, पैसे परत येण्याच्या तारखा ड्युरेशनभोवती किती विखुरलेल्या आहेत त्यातून येतो. फ्रँक रेडिंग्टन या ब्रिटिश विमागणितज्ञाने १९५२ मध्ये विमा कंपन्यांना सांगितलं होतं की देणी आणि गुंतवणूक यांचं ड्युरेशन जुळवा आणि गुंतवणुकीच्या तारखा देण्यांपेक्षा जास्त विखुरलेल्या ठेवा, म्हणजे व्याजदर थोडे कुठेही सरकले तरी तोटा होणार नाही. तुमच्या भाच्याच्या सल्ल्याचं मूळ तिथे आहे.

पण ताई, एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. दर वर गेले तरी फायदा आणि खाली आले तरी फायदा, असा रोखे ठेवण्याचा प्रकार खरोखर असेल, तर मधल्या मुदतीचा रोखा कोणी घेईल का? बँकांच्या ट्रेझऱ्यांत हा हिशोब सगळ्यांना येतो. ज्यात सगळ्यांना फायदा दिसतो त्याची किंमत वाढते आणि रोख्याची किंमत वाढली की त्याचं यील्ड उतरतं. लांब मुदतीच्या रोख्यांना विमा कंपन्या आणि पेन्शन फंडांची मागणी कायम असते. त्यामुळे यील्डची रेषा, म्हणजे मुदतीनुसार यील्ड मांडली की दिसणारी रेषा, सहसा २ वर्षांपासून १० वर्षांपर्यंत भराभर चढते आणि पुढे सपाट होत जाते. मधला भाग थोडा फुगलेला असतो. त्या फुगवट्यात कन्व्हेक्सिटीची किंमत लपलेली असते.

तुमच्या पैशांवर ही किंमत लावून पाहू. नमुन्यादाखल २ वर्षांचं यील्ड ६ टक्के, १० वर्षांचं ७ आणि ३० वर्षांचं ७.४ धरा. बुलेटमध्ये वर्षाला २ लाख १० हजार येतील. बारबेलमध्ये १५ लाख १४ हजारांवर ६ टक्क्यांनी सुमारे ९०,८०० आणि १४ लाख ८६ हजारांवर ७.४ टक्क्यांनी सुमारे १ लाख १० हजार, मिळून २ लाख ८०० रुपये. म्हणजे दर वर्षी ९,२०० रुपये कमी. हे पैसे दर हलो न हलो, जाणारच आहेत. कन्व्हेक्सिटीचे पैसे मात्र दर हलले तरच मिळणार. वर पाहिलं की १ टक्क्याच्या हालचालीने सरासरी साडेनऊ हजारांच्या आसपास मिळतात. म्हणजे वर्षभरात सगळी यील्ड एकसाथ जवळपास १ टक्क्याने सरकली तरच हिशोब बरोबरीला येतो. आणि इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. कन्व्हेक्सिटीचा फायदा हालचालीच्या वर्गाने वाढतो आणि वर्गानेच घटतो. हालचाल अर्ध्या टक्क्याची असेल तर फायदा निम्मा होत नाही, चौथाई होतो, साधारण २,४०० रुपये. पाव टक्क्याला तो ६०० रुपयांवर येतो. शांत वर्षात बुलेट जिंकतं आणि वादळी वर्षात बारबेल, ते याच कारणाने. ‘कन्व्हेक्सिटी जास्त म्हणजे चांगली’ एवढंच म्हणून भागत नाही. तिच्यासाठी यील्ड किती सोडावं लागतंय, ते विचारावं लागतं.

मग भाच्याला यील्ड ७.२ कुठून दिसलं? त्याने दोन्ही रोख्यांतून येणारे सगळे पैसे एका तक्त्यात मांडून एकच अंतर्गत परतावा काढला असणार. तसं केलं की लांब मुदतीच्या रोख्याला त्याच्या पैशांइतकंच नव्हे, त्याच्या ड्युरेशनच्या पटीतही वजन मिळतं. त्यामुळे ७.४ चा प्रभाव वाढतो आणि उत्तर ७.२ येतं. ते उत्तर खोटं नाही, पण पहिल्या वर्षी तुमच्या हातात किती पडेल ते त्यातून कळत नाही. हातात पडणारा आकडा पैशांच्या प्रमाणात काढलेल्या सरासरीचा असतो आणि तो ६.७ आहे. शिवाय २ वर्षांनी अर्धे पैसे परत येतील तेव्हा ते कोणत्या दराने पुन्हा गुंतवायचे, हे आज कोणालाच ठरवता येत नाही. बारबेलची तुलना करताना मी हा ७.२ चा आकडा बाजूलाच ठेवते. तुम्हीही ठेवा.

आता सर्वात मोठी अडचण. आतापर्यंत आपण सगळी यील्ड एकसारखी सरकली असं धरलं. ती अट मोडली तर काय होतं? पुन्हा सगळीकडे ७ टक्क्यांवरून सुरुवात करू. २ वर्षांचं यील्ड अर्धा टक्का उतरलं, ३० वर्षांचं अर्धा टक्का चढलं आणि १० वर्षांचं जागेवर राहिलं. बुलेटला काहीच होत नाही. बारबेलमध्ये लहान मुदतीवर सुमारे १४ हजार मिळतात आणि लांब मुदतीवर ८८ हजार जातात. निव्वळ तोटा ७४ हजार. जो फायदा मिळवायला आपण निघालो तो आठ-दहा हजारांचा, तर हा तोटा त्याच्या सात-आठपट. रेषा उलट दिशेने फिरली, म्हणजे लहान मुदतीचं यील्ड चढलं आणि लांब मुदतीचं उतरलं, तर साधारण तेवढाच फायदा होईल, हेही खरं. पण मग तुम्ही कन्व्हेक्सिटी घेतलेली नाही. तुम्ही व्याजदराच्या रेषेचा आकार कसा बदलेल यावर पैज लावली आहे.

गिफर्ड फाँग आणि ओल्डरिच वासिचेक यांनी १९८४ मध्ये हीच गोष्ट गणितात दाखवली. पैशांच्या तारखांचा जो विखुरलेपणा रेडिंग्टनच्या मांडणीत संरक्षण ठरतो, तोच रेषा वाकडीतिकडी हलली की धोक्याचं माप बनतो. एकच आकडा दोन्हीकडे आहे. कावडीचा दांडा लांब केल्यावर दोन्ही परिणाम एकदमच वाढतात, एक घेऊन दुसरा सोडता येत नाही. या सगळ्या प्रकरणात मला हे सर्वांत मोलाचं वाटतं, म्हणून इतका वेळ घेतला.

आपल्याकडे रेषा वाकडी हलणं हा अपवाद नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला. लहान मुदतीची यील्ड जोरात चढली, लांब मुदतीची त्या मानाने फार कमी. अशा काळात बारबेलचं फावतं. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.५० वर आला. लहान मुदतीची यील्ड उतरली, पण ३० वर्षांच्या आसपासची तशी उतरली नाहीत, पुढच्या काही महिन्यांत तर ती चढली. ‘दर कमी होताहेत, लांबचा रोखा घ्या’ असं मानून बसलेल्यांना तो काळ जड गेला. दोन्ही वेळा निकाल लावला तो रेषेच्या आकाराने. कन्व्हेक्सिटीचा वाटा त्यात किरकोळ होता.

आणखी एक गोष्ट ट्रेझरीतल्या माणसाच्या नजरेतून सहज सुटते. त्याचे रोखे रोज बाजारभावाने मोजले जातात आणि भाव चढला की तो विकून पुन्हा समतोल साधतो. कन्व्हेक्सिटीचा फायदा असा विकून गाठीला बांधावा लागतो. तुम्ही रोखा मुदतीपर्यंत ठेवणार असाल तर तो फायदा कागदावर येऊन कागदावरूनच निघून जाईल. विकायचं ठरवलंत तरी, ५ कोटींच्या खालचा व्यवहार या बाजारात ऑड लॉट, म्हणजे नेहमीपेक्षा लहान व्यवहार धरला जातो. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या पोर्टलवर १०-१५ लाखांच्या ३० वर्षांच्या जुन्या रोख्याला लगेच चांगला भाव मिळेलच असं नाही. शंभरामागे ५० पैसे कमी घ्यावे लागले तर १४ लाख ८६ हजारांवर ७,४०० रुपये जातात. म्हणजे कन्व्हेक्सिटीचं वर्षभराचं जवळजवळ सगळं उत्पन्न. आणि विकायची वेळ आपल्या सोयीने येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडात आणि दापोली-मंडणगडकडे छपरं उडालेल्या घरांना पैसे त्याच आठवड्यात हवे होते, रोख्याचा भाव बरा होईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं.

म्हणून माझं मत असं की भाच्याचं सगळं ऐकू नका, पण १० वर्षांच्या एकाच रोख्यात ३० लाखही ठेवू नका. बारबेल की बुलेट हा प्रश्न तुमच्यासाठी दुसरा आहे. पहिला प्रश्न पैसे कोणत्या तारखेला लागणार हा आहे आणि त्याचं निम्मं उत्तर तुमच्या पत्रातच आहे.

छपराचे ४ लाख ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलात किंवा २ वर्षांच्या आतल्या रोख्यात ठेवा. नातीचे १२ लाख १० वर्षांच्या रोख्यात. इथे बुलेटच हवं, आणि तिच्या प्रवेशाच्या जून-जुलैच्या आधी मुदत संपणारा रोखा निवडा. त्या तारखेला सरकार दर्शनी किंमत परत देणार, त्यामुळे मधल्या काळात यील्डने कितीही उड्या मारल्या तरी त्या १२ लाखांना धक्का नाही. दर सहा महिन्यांनी येणारं व्याज घरखर्चाला होईल. उरलेल्या १४ लाखांपैकी ७ लाख ५ वर्षांच्या आसपासच्या रोख्यात आणि ७ लाख ३० वर्षांच्या रोख्यात घालायला माझी हरकत नाही. ३० वर्षांचा रोखा इथे कन्व्हेक्सिटीसाठी घ्यायचा नाही. आजचा व्याजाचा दर आयुष्यभरासाठी बांधून घेता येतो, वयाच्या ७५ व्या वर्षी दर पडले म्हणून घरखर्च आखडावा लागत नाही, यासाठी घ्यायचा. आमराई गेल्यावर मोहोराचं उत्पन्नही गेलं आहे, त्यामुळे ही खात्री तुमच्यासाठी जास्त मोलाची. त्याचा भाव मधे पाच-सहा टक्क्यांनी पडला तरी ७ लाखांवर ३५-४२ हजारांचा कागदी तोटा दिसेल. तो रोखा विकायची वेळ येऊ नये म्हणून तर जवळच्या मुदतीचे रोखे आहेत.

गंमत म्हणून नव्हे, पडताळा म्हणून सांगते. ४, ७, १२ आणि ७ लाखांच्या या मांडणीचं ड्युरेशन काढलं तर तेही ७ च्या आसपासच येतं. म्हणजे व्याजदराचा एकूण धोका तुम्ही मुळात घेणार होता तितकाच आहे, फक्त पैसे गरजेच्या तारखांना बांधले गेले.

ज्यांच्यापुढे असाच पर्याय आहे आणि ज्यांना खरोखर भावातल्या फरकासाठी रोखे घ्यायचे आहेत, त्यांनी एवढं करून पाहावं. तुमच्या भाच्यालाही हेच करायला सांगा. एक्सेलमध्ये प्रत्येक रोख्याचं ड्युरेशन असं निघतं:

```
=MDURATION(DATE(2026,1,1),DATE(2036,1,1),7%,7%,2,4)
```

यातला २ म्हणजे वर्षातून दोनदा व्याज आणि ४ म्हणजे ३० दिवसांचा महिना, ३६० दिवसांचं वर्ष. उत्तर ७.१ येईल. कन्व्हेक्सिटीसाठी वेगळं सूत्र शोधायची गरज नाही. यील्ड १ टक्का वाढवून आणि १ टक्का घटवून `PRICE` ने दोन किमती काढा, त्यांच्या बेरजेतून आजच्या किमतीची दुप्पट वजा करा आणि आलेल्या उत्तराला आजची किंमत गुणिले ०.०००१ ने भागा. मग पैशांच्या प्रमाणातल्या सरासरीने दोन्ही बाजूंचं यील्ड आणि कन्व्हेक्सिटी काढून फरक घ्या. यील्डच्या फरकाची दुप्पट करा, कन्व्हेक्सिटीच्या फरकाने भागा आणि वर्गमूळ काढा. आपल्या उदाहरणात ०.००३०७ ची दुप्पट भागिले ६३, त्याचं वर्गमूळ ०.००९९, म्हणजे ०.९९ टक्के. वर्षभरात सगळी रेषा एवढी हलेल असं तुम्हाला मनापासून वाटत असेल तरच बारबेल परवडतं. शेवटी त्याच तक्त्यात एक टोक अर्धा टक्का वर आणि दुसरं अर्धा टक्का खाली करून निकाल पाहा, आणि तेवढा तोटा सोसेल की नाही ते ठरवा.

रिटेल डायरेक्टचं खातं उघडताना मुलीचं नाव नॉमिनी म्हणून आत्ताच घाला, आणि १० वर्षांच्या रोख्याची मुदत संपायची नेमकी तारीख तिला लिहून द्या.